तुम्ही विचारलंत म्हणून : भोलू थांबतो तेव्हा

"व्हिडिओत भोलू प्रश्न विचारतो आणि आमची तीन वर्षांची मुलगी त्याला खरंच उत्तर देते. हे कसं जमवता? आणि तुम्ही नेमके लपता कुठे?"

ती उत्तर देते, कारण भोलू, म्हणजे माझी हातात घालायची बाहुली, तिच्यासाठी थांबतो. बाकी सगळी मांडामांड त्या थांबण्यासाठीच आहे.

भोलू हरवलेली टोपी शोधतो, तो भाग घ्या. टेबलावर तीनच वस्तू आहेत : लाल डबा, पिवळी टोपली आणि निळी बादली. मागे एकरंगी फिकट पडदा. टोपीची कड टोपलीतून डोकावते. ती मुलांना दिसते, भोलूला दिसत नाही. उत्तर आधीच ठाऊक असलं की मूल बोलायला आतुर असतं. वस्तू पाच-सहा झाल्या की नजर भिरभिरते आणि ती कड दिसतच नाही.

भोलू म्हणतो, "टोपी, टोपी, कुठे गेलीस?" डब्यात बघतो. "इथे नाही!" पुन्हा तेच वाक्य, त्याच चालीत, त्याच जागी हेल देऊन. मग बादली. दर फेरीला फक्त वस्तू बदलते, शब्द नाहीत. या वयाच्या मुलांना पुढे काय येणार हे ओळखता आलं की ती बाहुलीच्या आधी बोलू लागतात. लिहिताना आपल्याला तोचतोचपणा वाटतो आणि "अगं टोपी, आहेस तरी कुठे?" असं काही घालावंसं वाटतं. तो मोह आवरायचा.

दोन फेऱ्यांनंतर भोलू कॅमेऱ्याकडे बघून विचारतो, "तुला दिसली?" आणि थांबतो. मी मनात सावकाश पाच आकडे मोजतो. मोठ्यांना एवढा वेळ फार वाटतो, पण लहान मुलाला प्रश्न ऐकून, शब्द शोधून, तो उच्चारायला तेवढा लागतोच. संकलन करताना ही शांतता हमखास कापली जाते, म्हणून संहितेतच तिथे "कापू नये" असं लिहून ठेवतो.

त्या पाच आकड्यांत बाहुली गोठली की ती नुसतं कापड होते. म्हणून भोलू मान किंचित कलती करतो, जणू कान देतो. तोंड मिटलेलं आणि नजर भिंगावर. नजर सांभाळणं सगळ्यांत अवघड. हात वर धरून दमला की मनगट मागे ढळतं आणि बाहुली छताकडे बघू लागते. मूल लगेच तिच्यापासून तुटतं. मनगट सतत थोडं पुढे वाकवून ठेवावं लागतं, म्हणून मी दोन-तीन मिनिटांपेक्षा लांब तुकडा एका दमात घेत नाही.

थांबल्यानंतरचं वाक्यही जपून निवडावं लागतं. "शाब्बास, बरोबर!" हे मी कधीच म्हणत नाही. मूल गप्प बसलं असेल, किंवा "बादलीत" म्हणालं असेल, तर ती शाबासकी खोटी ठरते. भोलू म्हणतो, "टोपलीत बघू का?" बरोबर सांगणाऱ्याला ते ऐकल्यासारखं वाटतं, चुकलेल्याला नवी दिशा मिळते आणि न बोललेल्यालाही पुढे जाता येतं.

आता लपण्याचं. जमिनीपर्यंत कापड सोडलेल्या टेबलामागे मी बुटक्या स्टुलावर बसतो, डोकं टेबलाच्या कडेखाली. पण खरं लपवते ती कॅमेऱ्याची चौकट. 1950च्या दशकात अमेरिकी बाहुलीकार जिम हेन्सन यांनी टीव्हीच्या पडद्यालाच रंगमंच मानलं आणि बाहुल्यांचा वेगळा मंच काढून टाकला. तेच तत्त्व इथे. कॅमेरा बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. तो वर गेला की टेबलामागचा माझा माथा दिसतो. बाही भोलूच्याच रंगाची, लांब. मागचा पडदा हातभर नव्हे, चांगला मीटरभर मागे, नाहीतर माझ्या हाताची सावली त्यावर हलते आणि हुशार मुलं तिलाच बोट दाखवतात.

समोर खाली एक छोटा मॉनिटर ठेवतो, कारण भोलू कुठे बघतोय हे मला खालून कळत नाही. त्यात चित्र आरशासारखं उलटं दिसत नाही, त्यामुळे हात डावीकडे नेला की मन गोंधळतं. टोपलीकडे वळणं मी आधी नुसत्या हातानं घोटतो.

तोंड उघडायचं ते अंगठा खाली नेऊन. वरची चार बोटं उचलली की डोकंच मागे उडतं आणि नजर सुटते. टो-पी, टो-पी, कु-ठे, गे-लीस : आठ वेळा उघडझाप, शेवटी तोंड बंद. माइक डोक्याला बांधलेल्या पट्टीवर असतो, म्हणजे मान खाली घातली तरी आवाज दबत नाही.

नवा भाग झाला की एका मुलाला दाखवतो आणि मी पडदा सोडून मुलाकडे बघतो. थांबण्याच्या वेळी त्यानं आईकडे पाहिलं, तर बहुतेक वेळा भोलूची नजर भिंगावरून हललेली असते. तेवढा तुकडा मी पुन्हा घेतो.