१ ऑगस्टची रांग

माझं काम सांगितलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे दिवसभर शिव्या वाचायच्या?" वाचायचं काम मॉडरेटरचं. आम्ही त्यांच्यासाठी यादी करतो. छोट्या व्हिडिओंचं एक अ‍ॅप आहे, त्याच्या कमेंट्ससाठी पुण्यातल्या एका कंत्राटी कंपनीत आमची टीम मराठी, हिंदी, कन्नड, गुजराती, कोकणी अशी शब्दयादी सांभाळते. यादीतला शब्द कमेंटमध्ये आला की कमेंट एकतर आपोआप लपते, नाहीतर तपासणीच्या रांगेत माणसापुढे जाऊन उभी राहते. यादीच्या प्रत्येक ओळीत शब्द, भाषा, प्रकार, तीव्रता असं सगळं असतं. शेवटचा रकाना त्या शब्दाच्या निरुपद्रवी अर्थांचा. आम्ही सगळ्यात जास्त डोकं त्या रकान्यावर घालवतो आणि क्लायंटला नेमका तोच नकोसा असतो, कारण त्यांच्या सिस्टिमला तो वाचता येत नाही.

देवनागरीत लिहिलेली शिवी पकडणं त्या मानाने सोपं. खरा घोळ रोमन मराठीचा. इथे शुद्धलेखन नावाचा प्रकारच नाही. 'नाही' हा साधा शब्द nahi, nai, nay, nhi, nahiii असा कसाही येतो. ळ साठी l, आ साठी कधी aa, कधी a, कधी काहीच नाही. त्यात शिवी देणारा मुद्दाम अक्षरं ताणतो, o च्या जागी शून्य घालतो, मध्ये टिंबं पेरतो. काही बहाद्दर तर a च्या जागी रशियन लिपीतलं हुबेहूब तसंच दिसणारं अक्षर चिकटवतात. डोळ्याला काही कळत नाही आणि यंत्राला तो शब्द ओळखू येत नाही.

इतकी स्पेलिंगं हाताने लिहीत बसलं तर जन्म जाईल. म्हणून प्रत्येक शब्दाची एक 'की' काढायची. अक्षरं लहान करायची, ताणलेली आखडायची, aa चा a, ee चा i, w चा v, आकड्यांची अक्षरं, नकली अक्षरांची खरी. मग कमेंटमधल्या शब्दाची की आणि यादीतल्या शब्दाची की ताडून बघायची. ऐकायला बरं वाटतं, पण की जितकी सैल, तितकी ती भलत्या कुलपांना लागते. z आणि jh दोन्हींचा j केला की zala आणि jhala एक होतात, हे हवंच असतं. पण 'जाळा'सुद्धा jala असंच लिहितात. त्यामुळे "ghar zala ka bandhun?" असं कुणी मामाला विचारलं की धमकीच्या यादीतली 'घर जाळा'ची ओळ पेटायची. शेवटी धमकीच्या प्रकारापुरता z वेगळा ठेवला. प्रत्येक प्रकाराला की किती सैल हवी, हे वेगवेगळं ठरवावं लागतं. एकच नियम सगळ्यांना लावायचा हट्ट ज्यांनी धरला, त्यांनी मराठी कमेंट्स कधी वाचलेल्या नव्हत्या.

आता मूळ प्रकरण. क्लायंटच्या कायदेवाल्यांनी एक दिवस फर्मान काढलं की अनुसूचित जातींची सगळी नावं यादीत हवीत. कारण अ‍ॅट्रॉसिटी कायदा. लोकांसमक्ष जातीवाचक शिवीगाळ करणं हा १९८९ च्या त्या कायद्याखाली गुन्हा आहे, हे खरंच. पण कायद्यात गुन्हा आहे तो जातीच्या नावाने शिवीगाळ करण्याचा. नुसतं नाव घेण्याचा नाही. हा फरक मी मेलवर मांडला. उत्तर आलं, "लेट्स बी सेफ."

त्या नावांतलं एक 'मांग'. रोमनमध्ये mang किंवा maang, की काढली की दोन्ही mang. मराठीत नामाला प्रत्यय चिकटून येतात, तेव्हा नुसता शब्द घालून भागत नाही, सामान्यरूपासकट घ्यावा लागतो. त्यांच्या इंजिनिअरने केलेली ओळ अशी होती:

```
\bmang(a(la|ne|ni|cha|chi|che|t)?)?\b
```

दिसायला व्यवस्थित. मांग, मांगाला, मांगाने, मांगाचा, सगळं पकडतं. कुठलीही ओळ चालू करायच्या आधी आम्ही ती शॅडोवर चालवतो, म्हणजे ती कुणाची कमेंट अडवत नाही, नुसती नोंद करते. नोंदी उघडल्या तर काय, वऱ्हाडातल्या अर्ध्या गप्पागोष्टी रांगेत! तिकडे 'मग'ला 'मंग' म्हणतात. "mang kay zala?" "mang ye na bhau." त्यांच्या मागे हिंदीवाले: "kya mang raha hai". मग (पुन्हा मग!) mangala, म्हणजे यंत्राच्या हिशेबी 'मांगाला', प्रत्यक्षात मंगलाताई, मंगला मावशी, आणि "happy birthday mangala aaji". प्रत्यय न लागलेला manga जपानी कॉमिक्स वाचणाऱ्या पोरांचा. आणि आमच्या कन्नडवालीने तर ताबडतोब हात वर केला, कारण कन्नडमध्ये manga म्हणजे माकड. तिच्या यादीत तो सौम्य शिवी म्हणून आधीपासून बसलेला. एकाच शब्दाला दोन भाषांनी दोन तीव्रता दिलेल्या, आणि सिस्टिमचा नियम असा की जी जास्त ती खरी. म्हणजे बंगळुरात मित्राला लाडाने माकड म्हणणारा मुलगा आमच्याकडे जातीय द्वेषाच्या रांगेत.

आम्ही सुचवलं की जातीचं मूळ नाव एकट्याने कधीच पेटू नये. शेजारच्या चार-पाच शब्दांत शिवी, धमकी किंवा हाकलून देण्याची भाषा असेल तरच कमेंट माणसाकडे जावी. आणि वेगळी, कडक ओळ ठेवावी ती तुच्छतेच्या रूपांसाठी. मराठीत जातीच्या नावाला डा, टा, ट्या असलं शेपूट लागलं की हेतू उघड होतो. ते रूप कुणी स्वतःसाठी अभिमानाने वापरत नाही, आजीच्या नावाशीही ते जुळत नाही. मराठीने आपला तुच्छतावाद व्याकरणात घालून ठेवला आहे, आमच्या कामाला तो सोयीचा पडतो, एवढंच.

क्लायंटने शेपटाची रूपं घेतली आणि मूळ नावही ठेवलं. तडजोड काय, तर कमेंट लपणार नाही, फक्त रांगेत जाईल. पण त्यांच्या रांगेला एक कलम आहे, जे बाहेरच्या कुणाला कळायचं कारण नाही: रांग ठरावीक लांबीच्या पुढे गेली आणि कमेंट वेळेत तपासली गेली नाही, की ती तपासणी होईपर्यंत आपोआप लपते.

१ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे जयंती. आदल्या मध्यरात्रीपासून मिरवणुकांचे व्हिडिओ, डीजे, पुतळ्याला हार. आणि खाली कमेंट्स: "Jay Lahuji", "mang aslyacha abhiman", "mangacha wagh". जो समाज वर्षातून एक दिवस छाती काढून आपलं नाव घेतो, त्याच दिवशी ते नाव घेणाऱ्यांची रांग लागली, रांग फुगली आणि कलम लागू झालं. मी सकाळी लॉगिन केलं तेव्हा लपलेल्या कमेंट्स पानंच्या पानं भरून होत्या. बहुतेक सगळ्या एकमेकांना दिलेल्या शुभेच्छा. कुणीतरी तिसऱ्यांदा तीच कमेंट टाकून खाली लिहिलं होतं, "app wale pan jatiwadi ahet ka?" त्या प्रश्नाला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या ढिगात आमच्या लातूरच्या सहकाऱ्याला एक कमेंट दिसली. तो स्वतः मातंग आहे, हे तो टीममध्ये मोकळेपणाने सांगतो. मला हाक मारून म्हणाला, "ताई, हे बघा. हिला कुणी हातसुद्धा लावला नाही." पुतळ्याला अभिवादन करणाऱ्या मुलांच्या व्हिडिओखाली लिहिलेलं:

"aaj nachun ghya, udya kersuni gheun ya."

यादीतला एकही शब्द नाही. की काढा, सैल करा, घट्ट करा, काही लागत नाही. तरी कुणीतरी रिपोर्ट केली होती म्हणून ती मॉडरेटरपुढे गेलेली, आणि त्याने 'निरुपद्रवी' शिक्का मारून सोडलेली. तो मॉडरेटर दुसऱ्या शहरातला, हिंदी भाषक. मराठीची रांग त्याच्याकडे का, तर म्हणे लिपी एकच आहे. (रोमन कमेंटला देवनागरीचा काय उपयोग, हे विचारायचं मी आता सोडलं आहे.) त्याचा दोष मी धरत नाही. मिनिटभरही मिळत नाही त्याला एका कमेंटला, आणि केरसुणी म्हणजे झाडू हे कळलं तरी पुढचं कसं कळणार? शिंदीच्या पानांच्या केरसुण्या वळणं, दोर वळणं, हलगी वाजवणं ही कामं गावगाड्याने पिढ्यान्‌पिढ्या मांगांवर लादलेली. 'उद्या केरसुणी घेऊन या' म्हणजे आज काय मिरवायचं ते मिरवा, उद्या पायरीवर या. त्या दिवशी लपवायला हवी अशी ही कमेंट, आणि सगळ्या पानांत हीच एक उघडी.

कमेंट काढली. लपलेल्या शुभेच्छा मोकळ्या करायला संध्याकाळ झाली, तोवर मिरवणुका संपल्या होत्या. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये क्लायंटकडून अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला, "सो वी अ‍ॅड केरसुणी?" लातूरकर शांतपणे म्हणाला, "घाला. लक्ष्मीपूजनाला महाराष्ट्रभर नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतात. तेवढे सगळे पूजेचे व्हिडिओ तपासायला माणसं ठेवा."

बऱ्याच ओढाताणीनंतर दोन गोष्टी पदरात पडल्या. मूळ नाव एकटं पेटणं बंद झालं, आणि यादीत मुदतीचा रकाना आला. आता केरसुणीची ओळ जुलैच्या अखेरीस जागी होते, त्याही वेळी फक्त जयंतीच्या व्हिडिओंखाली, आणि आठवड्याने आपोआप झोपते. स्पेलिंगं kersuni, kerasuni, kersoni अशी जमतील तेवढी घातली. तशाच ओळी १४ एप्रिलसाठी केल्या, १ जानेवारीला भीमा कोरेगावसाठी केल्या. त्या कमेंट्स कुणाला दाखवायच्या, या रकान्यात मी 'मराठी मातृभाषा असलेला मॉडरेटर' असं लिहिलं. सिस्टिमला तो रकाना अजून वाचता येत नाही. पुढच्या वर्षीच्या बजेटात बघू, असं सांगितलंय.

आणि एवढं करूनही, पुढचा माणूस केरसुणीऐवजी दोर लिहील, हलगी लिहील, नाहीतर आम्हाला माहीतच नसलेलं काहीतरी लिहील. लातूरकर अधूनमधून एखादा शब्द पाठवतो, सोबत त्याच्या गावात तो कसा वापरतात याची दोन ओळींत माहिती. असल्या शब्दांची एक वेगळी फाइल मी करते आहे. ती यादीत घालायची की नाही हे अजून ठरलेलं नाही. कारण ती यादी फुटली, तर उद्या कुणाला तरी टोमणे मारायला तयार साहित्य मिळेल.