साडेबाराला सगळं बंद

"एक्स्पायरीच्या दिवशी तुम्ही दुपारी साडेबारालाच सगळं बंद करून मोकळे का होता? शेवटच्या तासातच तर खरा पैसा असतो."

महिन्याचे करार संपतात त्या दिवसाबद्दल तुमच्यापैकी काहींचा हा प्रश्न. असेल. पण माझे बहुतेक सौदे शेअरच्या ऑप्शनमधले असतात, निफ्टीतले नाहीत. निफ्टीचा ऑप्शन संपला की फरकाची रक्कम खात्यात येते किंवा जाते, विषय संपला. शेअरच्या ऑप्शनमध्ये 2019 पासून शेअरच द्यावे-घ्यावे लागतात. हे मला तेव्हाही पाठ होतं. पाठ असणं आणि त्या दिवशी आठवणं, यात मात्र माझं नुकसान झालं.

तेव्हा एक्स्पायरी गुरुवारी असायची, आता मंगळवारी असते. एका शेअरचा 600 चा कॉल, म्हणजे तो शेअर 600 ला घ्यायचा हक्क, मी घेतला होता आणि 620 चा विकला होता, असा स्प्रेड. लॉट 1000 शेअरचा, निव्वळ खर्च शेअरमागे 7 रुपये. म्हणजे जास्तीत जास्त तोटा सात हजार, असं मी वहीत लिहिलंही होतं. बुधवारपर्यंत शेअर 594 च्या आसपास, म्हणून डिलिव्हरीचं वाढीव मार्जिन, म्हणजे अनामत, कोणी मागितलं नाही. गुरुवारी तो उठला.

दुपारी एकला शेअर 609 होता. माझ्या 600 च्या कॉलला 9.70 चा खरेदीदार होता, 620 चा कॉल 60 पैशांत परत मिळत होता. दोन्ही मिटवले असते तर 9.10 हातात, म्हणजे खर्च वजा जाता एकवीसशे रुपये नफा. मला अकरा हवे होते.

तीन वाजून दहा मिनिटांनी शेअर 611 वर गेला. हिशेबाने कॉलची किंमत किमान अकरा. पण पडद्यावर खरेदीदार 8.20 ला, तोही एकाच लॉटचा, आणि विकणारा 13.60 ला. त्या क्षणी मला तो अन्याय वाटला. आज कारण कळतं: त्या वेळी कॉल घेणाऱ्याला सहा लाखांचे शेअर उचलावे लागणार, त्यामुळे तो अकराची वस्तू अकराला का घेईल? ज्यांना पुढे जायचंय ते पुढच्या महिन्याच्या करारात गेलेले असतात. मागे उरतात ते बहुतेक माझ्यासारखे विकायला आलेले. मी अकराची ऑर्डर तशीच ठेवली. सव्वातीननंतर खरेदीदार 6.50 वर उतरला. मी हट्टाने नाही विकलं.

शेअर 611 च्या आसपासच मिटला. 620 चा कॉल शून्य झाला आणि 600 चा कॉल वटला. माझ्यावर 1000 शेअर घ्यायची जबाबदारी आली, सहा लाख रुपयांची. ब्रोकरचा मेसेज दुपारीच आला होता, तो मी उघडलाच नव्हता. दादाच्या हळदीची पट्टी नुकतीच सांगलीच्या अडतीतून आली होती. "दोन दिवसांसाठी दे" म्हणालो. त्याने काही विचारलं नाही. शेअर खात्यात येऊन विकेपर्यंत भाव 578 झाला होता. बावीस हजार तिथे, सात हजार आधीचे, वर डिलिव्हरीचा कर.

म्हणजे चूक ऑप्शनची नव्हती, माझी होती. तरी तुमच्यातले काही म्हणतात, "फ्युचर विकून टाकायचं ना!" बरोबर आहे. त्याच महिन्याचं एक लॉट फ्युचर, म्हणजे शेअर ठरल्या भावात पुढे द्यायचा करार, विकलं असतं तर देणं-घेणं एकमेकांत वळतं झालं असतं, आणि फ्युचरला खरेदीदार जवळच्या भावात मिळतो. आता कॉलला ग्राहक नसेल तर मी तेच करतो. पण मार्जिन हाताशी लागतं, आणि शेअर स्ट्राइकच्या, म्हणजे कॉलच्या ठरलेल्या भावाच्या, बराच वर असेल तरच. शेअर 602 ला असताना हे केलं आणि तो 599 ला मिटला तर कॉल शून्य होतो आणि आपल्यावर शेअर देण्याची पाळी येते, जे आपल्याकडे नसतात. शिवाय मिटण्याचा भाव शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीचा असतो, शेवटच्या सौद्याचा नाही.

म्हणून आता सोमवारी रात्री वहीत प्रत्येक सौद्यासमोर लिहितो: शेअर की निर्देशांक, आणि भाव स्ट्राइकपासून किती दूर. स्ट्राइकच्या दोन टक्क्यांत असलेला शेअरचा सौदा मंगळवारी सकाळी पहिला सुटतो. आधी विकलेला पाय परत घेतो, दहा-वीस पैसे गेले तरी, मगच घेतलेला विकतो. ऑर्डर मधल्या भावाला लावतो, पाच मिनिटांत नाही लागली तर खरेदीदाराकडे सरकवतो. पुढच्या महिन्यात न्यायचं असेल तर शुक्रवारी किंवा सोमवारी नेतो. निर्देशांकाच्या बाबतीत तर फेब्रुवारी 2025 पासून एक्स्पायरीच्या दिवशी एका महिन्याचा विकून दुसऱ्याचा घेतलेल्या जोडीला मार्जिनची सवलतच मिळत नाही, तेव्हा त्या दिवसापर्यंत थांबून उपयोग काय?

मागच्या महिन्यात साडेबाराला 9 ला सोडलेला एक स्प्रेड संध्याकाळी पुरता 20 ला गेला. अकरा हजार. रात्री जेवताना घास उतरत नव्हता. जुना मी म्हणत होता, बघ, थांबला असतास तर. त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे तेव्हाही काही नव्हतं, आजही नाही. येत्या मंगळवारी दोन सौदे आहेत, एक स्ट्राइकपासून चार रुपयांवर.