बिननत्राच्या वाफ्याशिवाय नत्राचा हिशेब लागत नाही

पदव्युत्तर अभ्यासासाठी मी डिचोली तालुक्यातील खेर जमिनीत, खरिपातील ज्योती भातावर नत्राची चाचणी घेतली. शंभर किलो नत्र घातले तर त्यातील प्रत्येक किलोमागे दाणे किती वाढले आणि त्या नत्रापैकी किती पिकात पोहोचले, हे दोन आकडे मला हवे होते. पहिल्याला कृषी कार्यक्षमता म्हणतात आणि दुसऱ्याला आभासी पुनःप्राप्ती. दोन्हींसाठी खत घातलेल्या वाफ्यातून बिनखताच्या वाफ्याचा आकडा वजा करायचा आणि बाकी राहील तिला घातलेल्या नत्राने भागायचे, एवढेच सूत्र आहे. खरी काळजी त्या वजाबाकीत जाणाऱ्या आकड्यांचीच घ्यावी लागते.

इथे 'बिनखताचा' याचा अर्थ फक्त नत्राविना असा घ्यायचा. स्फुरद आणि पालाश सर्व वाफ्यांना सारखेच द्यावे लागतात, नाहीतर त्यांचा परिणामही नत्राच्या खात्यावर जमा होतो. स्फुरदासाठी मी सिंगल सुपर फॉस्फेट वापरले, कारण डीएपीमध्ये १८ टक्के नत्र असते. हेक्टरी १०० किलो नत्राच्या हिशेबाने वीस चौरस मीटरच्या वाफ्याला ४३५ ग्रॅम युरिया लागला आणि तो तीन हप्त्यांत विभागून दिला. आमच्याकडच्या पावसात वाफ्याचा बांध फुटला की खताचे पाणी थेट शेजारच्या वाफ्यात उतरते. ते कोणत्याही कागदावर दिसत नाही, मात्र बिननत्राच्या वाफ्यात बांधालगतच्या ओळी आतल्या ओळींपेक्षा हिरव्यागार दिसू लागल्या की ओळखावे. म्हणूनच कडेच्या ओळी सोडून मधला बारा चौरस मीटरचा निव्वळ वाफाच मी कापणीसाठी धरला.

एका गटातील दोन वाफ्यांचे उदाहरण देतो. नत्राच्या वाफ्यात ५.३० किलो भात निघाले आणि त्यात १९ टक्के ओलावा होता, तर बिननत्राच्या वाफ्यात ३.१० किलो निघाले आणि ओलावा १६ टक्के होता. नत्र मिळालेले पीक उशिरा पिकते, त्यामुळे एकाच दिवशी कापणी केली तर त्याचे दाणे जास्त ओले असतात. वजने जशीच्या तशी घेतली तर फरक हेक्टरी १८३३ किलो येतो आणि कार्यक्षमता १८.३ दिसते. दोन्ही वजने १४ टक्के ओलाव्यावर आणल्यावर उत्पादन अनुक्रमे ४१६० आणि २५२३ किलो झाले, फरक १६३७ किलोंवर आला आणि कार्यक्षमता किलो नत्रामागे १६.४ किलो भात ठरली. ही जवळपास दोन किलोंची तफावत निव्वळ पाण्याची होती.

पुनःप्राप्तीसाठी दाणे आणि पेंढा दोन्हींतील नत्र मोजावे लागते. केल्डाल पद्धतीने येणारी टक्केवारी ओव्हनमध्ये वाळवलेल्या नमुन्याची असते, म्हणून ती पूर्ण कोरड्या वजनालाच लावावी, १४ टक्के ओलाव्याच्या उत्पादनाला नव्हे. नत्राच्या वाफ्यात कोरडे दाणे हेक्टरी ३५७८ किलो आणि त्यांत १.१५ टक्के नत्र होते, म्हणजे ४१.१ किलो, पेंढा ४३०० किलो आणि त्यात ०.५८ टक्के, म्हणजे २४.९ किलो. एकूण ६६ किलो झाले. तशाच रीतीने बिननत्राच्या वाफ्यात ३५.२ किलो आले. फरक सुमारे ३१ किलोंचा, म्हणून पुनःप्राप्ती ३१ टक्के. तीच टक्केवारी १४ टक्के ओलाव्याच्या दाण्यांना लावली असती तर उत्तर ३४ आले असते, आणि तो आकडा संशय यावा इतका वेगळा नसल्यामुळे कोणाच्या नजरेत भरलाही नसता.

या पुनःप्राप्तीला 'आभासी' म्हणतात ते योग्यच आहे. जमिनीने दोन्ही वाफ्यांना स्वतःचे नत्र सारखेच दिले, असे आपण गृहीत धरतो. पण खतामुळे मुळे अधिक पसरतात आणि मातीतीलही जास्त नत्र उचलू शकतात. खताचे नत्र वेगळे ओळखायचे असेल तर नत्र-१५ या समस्थानिकाने खूण केलेला युरिया लागतो, आणि तो आमच्या आवाक्यात नव्हता. शिवाय वजाबाकीत चुका वाढतात. दोन्ही वाफ्यांच्या एकूण नत्रात पाच-पाच टक्क्यांची अनिश्चितता धरली, तरी ३१ च्या उत्तरात साधारण चार टक्क्यांचे अंतर दोन्ही बाजूंना पडते. त्यामुळे मी प्रत्येक गटाची वजाबाकी आधी स्वतंत्रपणे केली, नंतर सरासरी काढली आणि अहवालात सरासरीसोबत गटागटांतील फरकही दिला.

शेवटी १६३७ ला ३०.९ ने भागून पाहिले, तेव्हा पिकाने उचललेल्या प्रत्येक किलो नत्रामागे ५३ किलो भात आले. म्हणजे पिकाला मिळालेल्या नत्राचा वापर चांगला झाला होता. कमतरता नत्र पिकापर्यंत पोहोचण्यात होती. त्यामुळे पुढील हंगामात मात्रा न वाढवता हप्त्यांच्या वेळा बदलून पाहण्याचे आम्ही मार्गदर्शकांशी बोलून ठरवले.