दुसऱ्या पंगतीची पानं

वहिनी एवढंच म्हणाली, "आम्ही नंतरच बसणार, आमची पानं कशाला केलीस?" बोलली सहजच. पण चवथीचं घर आवरून झालं, सगळे निजले, तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही.

पंगतीत ज्याची त्याची जागा दाखवायला नावं कोरलेली पानं, कालची दुपार त्यांतच गेली होती. कागदावर नावं लिहिली असती तर पटकन झालं असतं, पण भाद्रपदातल्या दमट हवेत कागद मऊ पडतो, आणि पंखा लावला की उडतोच. फणसाचं पान जड, जागचं हलत नाही. तेही जून, गडद हिरवं हवं. कोवळ्याला टोक लागलं की ते फाटतं आणि पिवळं पडलेलं वाकवताना तडकतं. तोडल्यावर देठातून चीक गळतो, तो आधी पूर्ण गळू द्यायचा. बोटांना लागलाच तर खोबरेल चोळायचं.

शाई त्या गुळगुळीत पानावर धरत नाही. म्हणून रिफिल संपलेल्या पेनाने नाव कोरायचं, वरून तेलात कालवलेलं काजळ चोळायचं आणि फडक्याने पुसायचं. काळं फक्त चरांत राहतं. ताडपत्रांवरची अक्षरं अशीच उठवत. जिकीर शिरोरेघेची. ती आडव्या शिरेवर आली की पेन अडकतं आणि पान चिरतं. म्हणून आधी अक्षरं कोरायची आणि रेघ शेवटी, हलक्या हाताने, दोन शिरांच्या मधल्या जागेत. काकांच्या नावाला तीन पानं गेली.

पोरांसाठी जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या केल्या. भाताच्या पेजेत बुडवून कडक वाळवल्या, नाहीतर शाई फुटते. ज्यांना गोड वर्ज्य, त्यांच्या पानाच्या देठाला लाल धागा बांधला, म्हणजे पायस वाढणाऱ्याला विचारत बसायला नको.

हे सगळं पहिल्या पंगतीत कुणी पाहिलंसुद्धा नाही, म्हणून दुपारी मला रडू येत होतं. आई असती तर... असो.

पण खरं टोचलं ते वहिनीचं बोलणं. तिचं नाव मी सर्वांत मन लावून कोरलं होतं. या घरात तिला जागा म्हणून कधी मिळतच नाही, जे पान रिकामं होईल त्यावर ती बसते. ते मला बदलायचं होतं, आणि तिला मात्र ते वेळेचं नुकसान वाटलं.

तीन वाजता आमची पंगत बसली. वहिनीने आमची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवली होती. तिने ती एकेक करून मांडली, स्वतःचं खिडकीजवळ. तिथे वारा येतो. मग खतखतं वाढता वाढता तिने विचारलं, "काजळ घरचंच ना? बाजारचं पुसलं गेलं असतं."

घरचंच, म्हटलं. पुढच्या वर्षी तिलाच कोरायला बसवणार आहे. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.