डोळ्यातली लाल कड उलटीकडे गेली

शॉट तीन सेकंदांचा, म्हणजे 72 फ्रेमचा. पानशेतच्या रस्त्यावर स्टंट डबल सायकलवरून उतारावर येतो, कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर. डबलच्या जागी आमच्या नटाचा चेहरा बसवायचा होता. नट स्वतः कोथरूडच्या स्टुडिओत त्यासाठी दोन तास बसला होता. मी त्याला कॅमेऱ्यापासून मुद्दाम तितक्याच अंतरावर बसवलं, जितका डबल रस्त्यावर होता. कारण नाक मोठं दिसणं, कान मागे जाणं हे अंतरावर ठरतं, लेन्सवर नाही. ते चुकलं तर पुढे कॉम्पमध्ये, म्हणजे वेगवेगळी चित्रं एकत्र जोडताना, काही हाती लागत नाही.

चेहऱ्याची लेन्स 50 मिमीची, स्वच्छ. रस्त्यावरच्या मूळ चित्रणाची, म्हणजे प्लेटची, मात्र जुनी वाइड लेन्स, कडेला सरळ खांब वाकवणारी आणि उजळ आकाशासमोर लाल-निळी कड सोडणारी. चेहरा बसला, रंग जुळले, ग्रेनही आलं. तरी प्ले केल्यावर तो काचेवर चिकटवलेल्या स्टिकरसारखा वाटत होता.

मग लाल चॅनल आणि हिरवा चॅनल आलटून पालटून बघायला लागलो. या लेन्सवर लाल प्रतिमा हिरव्यापेक्षा किंचित मोठी पडते, त्यामुळे मध्यापासून जितकं लांब तितकी लाल कड बाहेर सरकते. उजवीकडच्या विजेच्या खांबावर मोजलं: मध्यापासून 2000 पिक्सेलवर 4 पिक्सेल. म्हणजे लाल चॅनल 1.002 पट. तेवढं चेहऱ्याच्या लाल चॅनलला फ्रेमच्या मध्यबिंदूभोवती लावलं, निळ्यालाही त्याच्या मापाने. चेहऱ्याच्या मध्याभोवती नाही, ही चूक मी पूर्वी एकदा करून बसलोय.

तरी जमेना. त्वचेवर कड दिसत नाही, तिथे कॉन्ट्रास्टच नसतो. ती दिसते डोळ्यातल्या चमकीवर, पापणीवर, दातांवर. मी डोळा चारशे टक्के मोठा केला. शॉटच्या सुरुवातीला हेल्मेटच्या पट्ट्याची लाल कड उजवीकडे होती आणि डोळ्यातल्या चमकीची डावीकडे. एकाच डोक्यावर दोन दिशा!

एडिटरला फोन केला. "ताई, प्लेट क्रॉप केली आहेस का?" ती म्हणाली, "अरे, शूट सहा-केचं आहे ना? मी फोर-के काढलं. सायकल शेवटपर्यंत फ्रेममध्ये राहावी म्हणून थोडं उजवीकडे घेतलं." थोडं म्हणजे 900 पिक्सेल!

तिथे सगळं उलगडलं. क्रॉपचा मध्य x = 1920 वर, पण लेन्सचा खरा मध्य 1020 वर. चेहरा सुरुवातीला 1500 च्या आसपास. खऱ्या मध्याच्या तो उजवीकडे आणि माझ्या समजुतीतल्या मध्याच्या डावीकडे, म्हणून कड उलटी. क्रॉपचं नेमकं माप न विचारताही हे सापडलं असतं: रस्त्याकडेच्या खांबांच्या कडा एकेक बघत जायचं, जिथे रंगाची कड नाहीशी होते आणि पलीकडे दिशा बदलते, तिथे लेन्सचा मध्य. मी मोजलेले 2000 पिक्सेलही नशिबानेच बरोबर निघाले. ती जागा मी नजरेने खांबांवरूनच धरली होती आणि वापरताना मात्र फ्रेमचा मध्य टाकला. असो.

मग पूर्ण सहा-के प्लेट मागवली. चेकरबोर्डचं चित्र शूटच्या दिवशी पूर्ण फ्रेमवर घेतलेलं, त्यामुळे न्यूक या कॉम्पच्या सॉफ्टवेअरमधला `LensDistortion` नोड आता नीट बसला. प्लेट सरळ केली, त्या सरळ जागेत चेहरा लावला आणि शेवटी चेहऱ्यालाच पुन्हा वाकवलं. मूळ प्लेटला हात लावला नाही, दोनदा फिल्टर झाली की ती मऊ पडते. रंगकड लावताना मास्कच्या सीमेवर लाल रेघ उमटली, कारण मास्कचा अल्फा जागेवर आणि लाल चॅनल सरकलेला. उपाय साधा: चेहरा आधी मास्कच्या बाहेर पसरवून घ्यायचा, कड त्याच्यावर लावायची, मग कापायचं.

व्हिग्नेटिंगला, म्हणजे लेन्सच्या कडेकडे उजेड कमी होण्याला, स्थिर ग्रेड चालणार नव्हता, कारण चेहरा फ्रेमभर सरकतो. शेवटी तो x = 3400 ला, खऱ्या मध्यापासून 2380 पिक्सेल लांब. शूटच्याच अ‍ॅपर्चरवर घेतलेल्या पांढऱ्या भिंतीच्या चित्रात तिथे मध्याच्या 0.78 पट उजेड होता. पहिल्यांदा मी लॉग, म्हणजे उजेड दाबून साठवलेल्या चित्रालाच 0.78 ने गुणलं आणि शेवटच्या फ्रेममध्ये नट सावलीत शिरल्यासारखा काळवंडला. लॉगमध्ये तेवढा गुणाकार स्टॉपभराहून जास्त उजेड खातो. लिनिअरमध्ये, म्हणजे आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात असताना, गुणल्यावर फक्त एक तृतीयांश स्टॉप उतरला, हेल्मेटइतकाच. ग्रेन या सगळ्यानंतर, कारण ते सेन्सरचं, लेन्सचं नव्हे. आधी घातलं तर त्याचे दाणेही लाल-निळे फाटतात.

पाठवलं. दुसऱ्या दिवशी ताईचा मेसेज: "मस्त! आता क्रॉप थोडा डावीकडे घेऊ का?" क्रॉप आता माझ्या न्यूकमधल्या नोडच्या झाडाच्या अगदी शेवटी होता. म्हटलं, घे.