पातं थांबवायचं कोणी? रोबोट मॉवर बनवतानाचा माझा अनुभव

माझं गवत कापणारं यंत्र हद्दीसाठी जमिनीत घातलेल्या कडेच्या तारेवरून सरळ पुढे गेलं, कुंपणाला जाऊन टेकलं आणि तिथेच चाकं फिरवत राहिलं. खाली पातं चालूच होतं. मी धावत जाऊन वरचं लाल बटण दाबलं, तरी काही झालं नाही. पुन्हा दाबलं, तेव्हाही तेच. शेवटी मागून हात घालून बॅटरीचा प्लग उपटला तेव्हा कुठे ते शांत झालं. तोवर तीन आठवडे हेच यंत्र रोज तासभर बिनबोभाट गवत कापत होतं, त्यामुळे मी जरा जास्तच निर्धास्त झालो होतो.

आधी काय बनवलं होतं ते सांगतो. मागे दोन चालणारी चाकं, पुढे एक मोकळं फिरणारं चाक, 24 व्होल्टची बॅटरी आणि मेंदू म्हणून अर्डुइनो मेगा. पोटाखाली 20 सेंटीमीटर व्यासाची तबकडी, तिच्या कडेला सैल स्क्रूवर लटकणारी तीन छोटी पाती. दगड लागला तर पातं आत वळतं, तुटून उडत नाही. तबकडी मिनिटाला 3000 फेरे घेते, म्हणजे पात्याचं टोक सेकंदाला साधारण 31 मीटर वेगाने जातं. हा आकडा मी गणित करून पाहिला होता, पण त्याचा अर्थ त्या दिवशी कुंपणापाशी कळला.

हद्दीसाठी उपग्रहावरचं आभासी कुंपण की जमिनीतली तार, यावर मी बरेच दिवस घालवले. सेंटीमीटरभर अचूकता देणारा आरटीके रिसीव्हर मोकळ्या आकाशाखाली छान चालतो. भिंतीलगत आणि झाडाखाली मात्र त्याची जागा मध्येच फूट-दीड फूट उडी मारते. माझी निम्मी हद्द भिंतीलगतच आहे, त्यामुळे तारच घातली.

तारेतही एक गंमत आहे. यंत्रात फेराइटवर गुंडाळलेलं कॉइल उभं बसवलं की तारेच्या वेढ्याच्या आत चुंबकीय क्षेत्र एका दिशेला मिळतं आणि बाहेर बरोबर उलट. तारेच्या थेट डोक्यावर ते उभ्या दिशेत शून्य होतं. म्हणजे यंत्र तारेकडे जाताना सिग्नल वाढत जातो, तारेपाशी अचानक कोसळतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. सुरुवातीला मी साध्या टायमर आयसीने एकसारखी लहर सोडून फक्त सिग्नलचा जोर मोजत होतो. त्यात आत आणि बाहेर सारखंच दिसतं, कारण उलटी झालेली लहर म्हणजे थोडी सरकलेली तीच लहर. मग तारेत ठरावीक सांकेतिक नमुन्याचे ठोके सोडले आणि आलेला सिग्नल त्या नमुन्याशी ताडून पाहिला. बेरीज धन आली तर आत, ऋण आली तर बाहेर. नमुना ओळखूच आला नाही तर तार तुटली असं धरायचं आणि थांबायचं. एवढं करून हद्दीचं काम झालं असं मला वाटलं होतं.

मग ते तारेवरून गेलं कसं? यंत्रावरच्या छोट्या पडद्यावर उताराचा शेवटचा आकडा गोठून राहिला होता, 11.4 अंश. बॅटरी काढून पाती उतरवली, बॅटरी परत जोडली आणि पाती नसलेलं यंत्र मुद्दाम त्याच चढावर उंच गवतात फिरवत ठेवलं. चौथ्या फेरीत पुन्हा तसाच गोठला. या वेळी बॅटरी न काढता मल्टीमीटर लावला, तर उतार मोजणाऱ्या सेन्सरची डेटा लाइन जवळजवळ शून्य व्होल्टवर अडकलेली होती. मी वापरलेला सेन्सर म्हणजे एमपीयू-6050. तो आणि मेंदू दोन तारांवर बोलतात. त्या तारा मी पात्याच्या मोटरच्या वायरींसोबत एकाच पट्टीत बांधल्या होत्या. चढावर उंच गवत आलं की मोटर जास्त करंट ओढते आणि तिचा गोंगाट शेजारच्या तारांत शिरतो. अशा वेळी एखादा ठोका चुकला की सेन्सर अर्धवट वाक्यावर लाइन धरून बसतो. आणि माझा प्रोग्राम? तो उत्तराची वाट बघत कायमचा उभा राहिला. तार वाचणं बंद, लाल बटण वाचणं बंद. चाकांना आणि पात्याला मात्र शेवटचा हुकूम मिळालेला होताच, तो ती इमानदारीने पाळत राहिली.

वायरी वेगळ्या केल्या, त्यांना पीळ दिला आणि सुरुवातीला ही ओळ टाकली. 3000 मायक्रोसेकंदांत उत्तर आलं नाही तर वाट बघणं सोडायचं:

```cpp
Wire.setWireTimeout(3000, true);
```

एवढ्यावर मी परत पाती लावणार होतो. लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करणारा माझा मित्र तेव्हा शेजारी उभा होता. तो म्हणाला, "अरे, लिफ्टचं दार उघडं असलं तर तो स्विच कंट्रोलरला विचारत बसतो का? सरळ करंटच तोडतो. तुझं लाल बटण प्रोग्रामला चिठ्ठी पाठवतंय. प्रोग्राम झोपला असेल तर चिठ्ठी वाचणार कोण?"

मग पात्याचा मार्ग मुळापासून बदलला. मोटरच्या धन टोकाला एक रिले आला. रिलेला करंट मिळत असेल तरच मोटर बॅटरीला जोडली जाते. रिले सुटला की तेच टोक 2 ओहमच्या जाड रेझिस्टरमधून मोटरच्या दुसऱ्या टोकाला जोडलं जातं. मग फिरणारी मोटर स्वतःच जनित्र होते आणि आपली ताकद रेझिस्टरमध्ये जाळून थांबते. आधी वीज तोडल्यावर तबकडी आठेक सेकंद फिरत राहायची, आता दीड सेकंदात थांबते. वेग बदलणारा मॉसफेट मोटरच्या ऋण बाजूला वेगळा आहे. तो जळला की बहुतेक वेळा चालू अवस्थेतच चिकटतो, पण आता चिकटला तरी रिले पात्याची वीज तोडू शकतो.

रिलेच्या कॉइलला जाणारी वीज एका साखळीतून येते. त्या साखळीत लाल बटण, यंत्राचं कवच उचललं की उघडणारे दोन रीड स्विच आणि शेवटी प्रोग्रामचा एक ट्रान्झिस्टर आहे. पैकी कोणीही एकाने हात सोडला की खेळ खलास. यंत्र परत खाली ठेवलं तरी पातं आपोआप सुरू होत नाही. रिलेचाच दुसरा संपर्क साखळी धरून ठेवतो आणि एकदा सुटला की हिरवं बटण माणसानेच दाबावं लागतं.

ट्रान्झिस्टरचं प्रकरण मला सगळ्यात आवडतं. प्रोग्रामने पिन फक्त चालू ठेवून भागत नाही, कारण गोठलेला प्रोग्रामही पिन चालूच ठेवतो. म्हणून पिन आणि ट्रान्झिस्टर यांच्यामध्ये कपॅसिटर घातला आणि पुढे दोन डायोड. पिन सतत वर-खाली होत राहिली तरच पलीकडे चार्ज साठतो. ती वर अडकली किंवा खाली अडकली तर सेकंदाच्या पाचव्या भागात चार्ज संपतो आणि रिले सुटतो.

इथे मी शुद्ध मूर्खपणा केला. पिन नियमित हलावी म्हणून ते काम टायमर इंटरप्टला, म्हणजे मुख्य प्रोग्रामला मध्येच थांबवून ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या तुकड्याला, देऊन टाकलं. चाचणी म्हणून पाती काढलेली तबकडी फिरवत ठेवली आणि सेन्सरची डेटा लाइन मुद्दाम सर्किटच्या ग्राउंडला टेकवली. वाट बघण्याची मर्यादा तेवढ्यापुरती काढून टाकली होती. मुख्य प्रोग्राम गोठला, पण इंटरप्ट जिवंतच होता. पिन हलत राहिली, तबकडी फिरत राहिली. इतका खटाटोप करून मी पहारेकऱ्याला झोपेत चालायला शिकवलं होतं. आता पिन फक्त मुख्य फेरीच्या शेवटी हलते, तीही तार, उतार आणि चाकं या तिन्ही गोष्टी जागेवर असतील तरच:

```cpp
void loop() {
  bool wireOk  = readBoundary();
  bool tiltOk  = readTilt();
  bool wheelOk = runWheels();
  if (wireOk && tiltOk && wheelOk) {
    digitalWrite(PUMP, !digitalRead(PUMP));
  }
}
```

यानंतर उताराने छळलं. यंत्र चढ चढताना वजन मागे सरकतं आणि पुढचं चाक हलकं होतं. कवचाचा पुढचा स्प्रिंग सैल पडायचा, रीड स्विचला वाटायचं यंत्र कोणीतरी उचललं, आणि चढाच्या मध्यावर सगळं बंद. मी बॅटरी आठ सेंटीमीटर पुढे सरकवली. खोटी थांबणी संपली. दुसऱ्या दिवशी दव असताना यंत्र उतार उतरत तारेपर्यंत आलं, चाकं उलटी फिरायला लागली आणि ते तसंच घसरत तारेपलीकडे अर्धा मीटर गेलं. उतरताना वजन आधीच पुढच्या मोकळ्या चाकावर येतं. त्यात मी बॅटरीही पुढे दिल्यावर मागच्या चालत्या चाकांना धरायला काही उरलंच नव्हतं. कोरड्या गवतावर हे कधी दिसलं नसतं.

बॅटरी परत मागे नेली आणि उचलल्याचा निर्णय पुढच्या स्प्रिंगवरून काढून कवचाच्या चारही खांबांवर वाटून दिला. उतार 12 अंशांच्या वर असेल तर तारेचा जोर वाढू लागताच वेग निम्मा होतो. शिवाय उताराच्या पायथ्याची तार मी कडेपासून 35 सेंटीमीटरवरून मीटरभर आत घेतली. तेवढी गवताची पट्टी हाताने कापतो. कोणी विचारलं तर तो घसरण्याचा हिशेब आहे असं सांगतो.

उताराच्या सेन्सरला दोन कामं दिली आहेत. पात्याच्या थरथरीने त्याचे आकडे पाच-सहा अंश नाचतात, म्हणून सेकंदभराची सरासरी 20 अंशांवर गेली की यंत्र वळून परत येतं, पातं चालू राहतं. कलंडण्यासाठी मात्र सरासरीची वाट पाहून चालत नाही. लागोपाठ पाच वाचनं 35 अंशांच्या वर आली की पिन हलणं बंद होतं.

आता रोज सुरू करताना यंत्र स्वतःचीच परीक्षा घेतं. हिरवं बटण दाबल्यावर रिले लागतो, मग पात्याला वेग देण्याआधी प्रोग्राम पिन थांबवतो, रिले सुटल्यावर मोटरच्या टोकावरचं व्होल्टेज खरंच गेलं का ते पाहतो आणि मला पुन्हा बटण दाबायला लावतो. टक, टक, मग तिसऱ्यांदा टक. मागच्या महिन्यात एका सकाळी पहिल्या टकनंतर दुसरा आलाच नाही आणि पडद्यावर चूक उमटली. रिले उघडून पाहिला तर संपर्क वितळून चिकटले होते. त्याच दिवशी जास्त क्षमतेचा रिले बसवला.