आमची वाटचाल: एका ग्राहकाच्या दोन ओळी

आम्ही विक्रीचे रिपोर्ट बनवून देतो. कंपनी छोटी आहे. सुरुवातीला मी आणि माझा भागीदार असे दोघेच होतो. तो डेटाबेसवाला, मी ग्राहकांशी बोलणारा. भिंतीवर एक पांढरा फळा होता. नवं काम आलं की भागीदार मधोमध एक चौकोन काढायचा आणि त्यात लिहायचा, ‘एक ओळ म्हणजे काय?’ याचं उत्तर एका वाक्यात मिळेपर्यंत तो कीबोर्डला हात लावायचा नाही. बिलावरची एक वस्तू म्हणजे एक ओळ, असं ठरलं की चौकोन झाला फॅक्ट टेबल, म्हणजे विक्रीच्या नोंदींचं टेबल. मग चारी बाजूंनी तारीख, ग्राहक, वस्तू, विक्रेता अशी त्या विक्रीची माहिती देणारी डायमेन्शन टेबलं आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. या मांडणीला स्टार स्कीमा म्हणतात. फळा पुसला तरी त्या चौकोनाच्या खुणा जायच्या नाहीत, कारण मार्कर नेहमी चुकीचा आणायचो. असो.

पहिली काही वर्षं बरी गेली. त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते आमचा सगळ्यात मोठा ग्राहक हातचा गेला त्याबद्दल. वितरणाचा व्यवसाय, विभागवार विक्री, त्यावर विभागप्रमुखांचा बोनस. एप्रिलमध्ये आम्ही आदल्या वर्षाचा रिपोर्ट दिला, बोनस वाटले गेले. मे महिन्यात दुसरी एक कंपनी आली. नाव घेत नाही, घ्यायची इच्छा खूप आहे. त्यांनी मालकांना सांगितलं की एवढी टेबलं आणि एवढे जोड हवेत कशाला? सगळं एकाच रुंद टेबलात ठेवू, प्रत्येक विक्रीपुढे ग्राहकाचं नाव, विभाग, सगळं. दिसायला झकास आणि चालायला वेगवान. काम त्यांना गेलं.

रुंद टेबल वाईटच असतं असं मी म्हणणार नाही. आम्हीही शेवटी रिपोर्टसाठी तसं टेबल काढून देतो, पण ते स्टार स्कीमातून काढतो. त्यांचं टेबल रोज रात्री नव्याने भरलं जायचं, आणि ग्राहकाचा विभाग ग्राहक मास्टरमधून, म्हणजे ग्राहकांच्या मूळ यादीतून, उचलला जायचा. मास्टरमध्ये फक्त आजचा विभाग असतो. गोम इथेच होती.

१ जुलैला त्या वितरण कंपनीने विभागांची फेररचना केली. त्यांचा C-104 हा मोठा ग्राहक उत्तर विभागातून पश्चिमेत गेला. त्या रात्री टेबल भरलं गेलं आणि C-104 च्या जुन्या, आदल्या वर्षाच्या विक्रीपुढेही ‘पश्चिम’ लागलं. एप्रिलच्या रिपोर्टात उत्तर विभागाची वर्षाची विक्री ४,८०,००० होती, ती आता ४,१०,००० दिसू लागली. पश्चिम तेवढीच वाढली. एकूण विक्री दोन्हीकडे तीच, १२,५०,०००. एकूण जुळतंय म्हटल्यावर विभागांकडे बघतो कोण!

बघितलं ते उत्तरच्या विभागप्रमुखांनी, कारण त्यांना बोनसमधला फरक परत करायला सांगितलं गेलं. मग बैठक झाली आणि मालकांनी निकाल दिला की नवा रिपोर्ट बरोबर, म्हणजे जुना चुकला, म्हणजे आम्ही चुकलो. आमचं राहिलेलं बिल अडवलं. त्याच बिलावर पगार व्हायचे होते. दोन चांगली माणसं सोडून गेली, भागीदार नोकरी शोधू लागला, आणि बाजारात बोलणं पसरलं की यांचे आकडे चुकतात. आमच्या धंद्यात यापुढे बोलायला काही उरत नाही.

आम्हाला वाचवलं ते मालकांच्याच अकाउंट्सच्या साहेबांनी. प्रत्येक बंद झालेल्या महिन्याचा रिपोर्ट छापून फाइलला लावायची त्यांची सवय. त्यांनी एप्रिलचा कागद आणि जुलैचा कागद शेजारी ठेवले, पट्टी लावून एकेक ग्राहक खाली उतरत गेले. फरक ७०,००० चा. आणि C-104 ची आदल्या वर्षाची खरेदी बरोब्बर ७०,०००. त्यांनी मला फोन केला, “अहो, माणूस जुलैत हलला, त्याची गेल्या वर्षीची बिलं कशी काय हलली?”

आमच्या रचनेत ती हलली नसती. ग्राहकाचा कोड आम्ही फॅक्ट टेबलात किल्ली म्हणून ठेवतच नाही. ग्राहक डायमेन्शनमध्ये प्रत्येक ओळीला आमचा स्वतःचा आकडा असतो, आणि विक्रीपुढे तोच लिहिला जातो. C-104 ची जुनी ओळ ५७ नंबरची, उत्तर विभाग, १ जुलैपर्यंत लागू. विभाग बदलला की ती ओळ तशीच ठेवून फक्त बंद करायची आणि २१२ नंबरची नवी ओळ घालायची: तोच C-104, पश्चिम, १ जुलैपासून, शेवटची तारीख ९९९९ सालातली. जुन्या विक्रीवर ५७ लिहिलंय, ते तसंच राहतं. रिपोर्ट उत्तर विभागाची बेरीज करतो तेव्हा ती विक्री उत्तरेतच सापडते.

भागीदाराने साहेबांना फळ्यावर हे दाखवलं, तेव्हा त्यांनी नेमका प्रश्न विचारला. २८ जूनचं बिल ५ जुलैला नोंदवलं तर? बहुतेक लोक इथेच घसरतात, कारण ते ‘सध्या चालू’ असलेली ओळ शोधतात आणि जूनच्या बिलाला २१२ चिकटवतात. ओळ शोधायची ती बिलाच्या तारखेने:

```sql
SELECT s.bill_no, s.line_no,
       COALESCE(d.customer_key, -1) AS customer_key
FROM stg_sales s
LEFT JOIN dim_customer d
  ON  d.customer_code = s.customer_code
  AND s.bill_date >= d.valid_from
  AND s.bill_date <  d.valid_to;
```

शेवटच्या तारखेला `<` आहे, `<=` नाही, हे बघून ठेवा. जुनी ओळ १ जुलैला संपते आणि नवी १ जुलैलाच सुरू होते. `<=` लिहिलंत तर १ जुलैची बिलं दोन्ही ओळींना जुळतील आणि विक्री दुप्पट मोजली जाईल. `LEFT JOIN` आणि -1 यासाठी, की ग्राहक सापडला नाही तर विक्री गुपचूप गळू नये, ‘अज्ञात’ ग्राहकाखाली दिसावी. अज्ञात वाढायला लागले की मास्टर भरणाऱ्याला जाऊन विचारायचं.

काम परत आमच्याकडे आलं. मधल्या काळातले बदल विभाग बदलाच्या पत्रांवरून, पत्रातल्या तारखेने भरले. मालकांना लगेच उलटं हवं झालं: गेल्या वर्षीची विक्रीसुद्धा आजच्या विभागांप्रमाणे दाखवा, म्हणजे वाढ तुलना करता येईल. मागणी रास्तच होती. डायमेन्शनमध्ये ‘आजचा विभाग’ असा वेगळा कॉलम घातला; तो C-104 च्या दोन्ही ओळींवर ‘पश्चिम’ दाखवतो. बोनस जुन्या कॉलमवर, तुलना नव्या कॉलमवर, आणि रिपोर्टच्या माथ्यावर कुठला विभाग धरलाय ते लिहायचं.

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. प्रत्येक बदलाला नवी ओळ करत सुटू नका. ग्राहकाचा फोन बदलला किंवा नावातली वेलांटी सुधारली तर जुन्या सगळ्या ओळींवरच खोडून लिहा. ज्या बदलावर कुणाचे पैसे ठरतात, त्यालाच नवी ओळ. आणि बंद महिन्यांच्या विभागवार बेरजा एका वेगळ्या टेबलात जपून ठेवा, दर भरणीनंतर ताडून बघा. एकूण जुळून विभाग हलले असतील तर कुणीतरी इतिहास पुसलाय.

अडवलेल्या बिलातलं अर्धं मिळालं. उरलेल्या अर्ध्याबद्दल मालक अजून ‘बघू’ म्हणतात. साहेब मात्र महिन्याचा रिपोर्ट अजून छापून घेतात, आणि आम्ही पाठवायला एक दिवस उशीर केला की त्यांचा फोन येतोच.